हिऱ्यात शिरलेला प्रकाश पुन्हा वरूनच का बाहेर येतो?

ऋतुगंध

बरेच दिवस एक शंका डोक्यात घोळतेय, इथे फिजिक्सवाले आणि रत्नांतले जाणकार दोघंही आहेत म्हणून विचारते.

शाळेच्या पुस्तकात एवढंच दिलेलं असतं की हिऱ्याचा अपवर्तनांक जास्त म्हणजे २.४२, त्यामुळे क्रांतिक कोन लहान म्हणजे २४.४ अंश, त्यामुळे आत पूर्ण आंतरिक परावर्तन होतं आणि म्हणून हिरा चमकतो. इथपर्यंत पाठ आहे. पण नीट विचार केला की गाडी अडते. क्रांतिक कोन लहान असल्यामुळे प्रकाश जर आत अडकत असेल तर तो वरच्या बाजूनेही अडकायला हवा ना? वरचा पृष्ठभागही हिऱ्याचाच आहे, नियम तोच. मग प्रकाश खालून गळत नाही पण वरून मात्र बाहेर पडतो, हे त्याला कळतं कसं? आणि जो हिरा पैलू न पाडलेला असतो त्याचाही अपवर्तनांक २.४२च असतो, तो तर तुरटीच्या खड्यासारखा दिसतो. म्हणजे सगळं श्रेय अपवर्तनांकाला देणं बरोबर नाही असं मला वाटतं. कोणी नीट समजावेल का, शक्यतो एकाच किरणाचा पाठलाग करून?

बंड्या_बावनकशी

प्रकाश आत गेला की त्याला बाहेरची वाटच सापडत नाही, भूलभुलैया आहे तो :) जागा धरून बसतोय, जाणकार या.

भौतिकवाला

ऋतुगंध, प्रश्न चांगला आहे पण उत्तर सोपं आहे. काचेचा क्रांतिक कोन जवळपास ४२ अंश, हिऱ्याचा २४.४. म्हणजे काचेत स्तंभिकेपासून ४२ अंशांच्या आत आलेला कुठलाही किरण निसटतो, हिऱ्यात निसटायला २४.४च्या आत यावं लागतं. दार अरुंद झालं की आतल्या आत जास्त वेळा परावर्तन होणार. जितकी जास्त परावर्तनं तितकी जास्त चमक. अकरावी-बारावीला मी हेच शिकवतो आणि मुलांना ते पटतं. पैलू चांगले नसतील तर, म्हणजे हिरा उथळ किंवा खोल कापला तर, प्रकाश खालून गळतो. त्याची आकृती सगळीकडे असते, तीन हिरे शेजारी शेजारी काढलेले.

शर्वरी_

विषय निघालाच आहे तर, माझ्या अंगठीतला हिरा मधोमध काळपट दिसतो. साफ केला, घासला, फरक नाही. वरून बघितलं की मध्यभागी गोल काळा डाग आणि कडेने चमक. घेताना दुकानातल्या दिव्यांखाली लख्ख दिसत होता. आत काही दोष असेल का? की नकली आहे?

पैलूकार

पैलू पाडायच्या कामात माझी बरीच वर्षं गेलीत, आता डोळ्यांमुळे सोडलंय. ऋतुगंध ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय म्हणून सविस्तर लिहितो. शर्वरीताई, तुमच्याकडेही येतो, तुमचं उत्तर याच्यातच दडलंय.

आधी भौतिकवाला सरांच्या मुद्द्याबद्दल. जास्त वेळा परावर्तन म्हणजे जास्त चमक, हे मला मान्य नाही. चांगल्या गोल हिऱ्यात वरून आलेला किरण साधारण दोनदा आपटतो आणि निघून जातो. जो बराच वेळ आत भटकत राहतो तो शेवटी नको तिथून बाहेर पडतो, आपल्या डोळ्याच्या काही कामाचा नसतो. म्हणजे आपल्याला प्रकाश अडकवायचा नाही, वळवून परत पाठवायचा आहे.

आता एक किरण घेऊ. गोल ब्रिलियंट कट, वरचा सपाट मोठा पैलू म्हणजे टेबल, त्याच्या कडेने उतरती बाजू ती क्राउन, आणि खालचा निमुळता भाग पॅव्हिलियन. पॅव्हिलियनचा उतार ४०.७५ अंश आणि क्राउनचा ३४.५, आडव्या पातळीपासून मोजलेला. हे आकडे मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ साली गणिताने काढले आणि आजही गोल हिऱ्याची तुलना त्यांच्याशीच होते.

किरण बरोबर डोक्यावरून सरळ खाली टेबलातून आला. काटकोनात आला म्हणून वाकला नाही. खाली डाव्या पॅव्हिलियनवर आपटला. पैलूचा उतार ४०.७५ आहे म्हणजे स्तंभिकेशी कोनही ४०.७५च. तो २४.४च्या बराच पुढे, म्हणून थेंबभरही प्रकाश बाहेर नाही, सगळा परावर्तित. तो आता जवळजवळ आडवा निघाला, आडव्या रेषेपासून फक्त साडेआठ अंश वर. समोर उजवा पॅव्हिलियन, तिथे स्तंभिकेशी कोन भरतो ५७.७५. पुन्हा २४.४च्या पुढे, पुन्हा सगळा परावर्तित. आता तो वर निघाला, उभ्या रेषेपासून १७ अंश बाहेरच्या बाजूला कललेला.

आणि ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. वर पोचल्यावर नियम तोच आहे, २४.४. पण टेबलावर तो १७ अंशांनी आपटतो आणि क्राउनच्या मुख्य पैलूवर आला तर साडेसतराने. दोन्ही २४.४च्या आत, म्हणून बाहेर. प्रकाशाला कुठून निघायचं ते कळत नाही, खालचे पैलू त्याला मोठ्या कोनात भेटतात आणि वरचे लहान कोनात, एवढी एकच मांडणी कारागिराने साधलेली असते. क्राउनला तो उतार दिलेला आहे त्याचं एक मोठं कारण हेच.

ऋतुगंध

वा! कागदावर काढून बघितलं, कोनमापकाने ५७-५८च्या आसपास येतंय. म्हणजे एकाच २४.४ची अट खाली मोडायची आणि वर पाळायची. हे आजवर कुठल्याच पुस्तकात असं वाचलं नव्हतं.

मग हाच आकार काचेत कापला तर?

पैलूकार

पहिल्याच ठिकाणी गडबड. किरण पॅव्हिलियनवर ४०.७५नेच येणार, आकार तोच आहे, पण साध्या काचेला परावर्तनासाठी जवळपास ४२ लागतात. थोडक्यात हुकतं, आणि सुमारे दोन तृतीयांश प्रकाश खालून निघून जातो. उरलेला एक तृतीयांश पुढे जातो, म्हणून काचेचा खडा अगदीच मेलेला दिसत नाही पण त्यातून खालचं बोट दिसतं.

शेवंता

म्हणजे अमेरिकन डायमंड ओळखायची युक्ती हीच का? तोही याच आकाराचा कापतात आणि सरळ बघितलं तर चांगलाच चमकतो की.

पैलूकार

सरळ बघितलं तर चमकणारच. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया, त्याचा अपवर्तनांक साधारण २.१६, क्रांतिक कोन साडेसत्तावीसच्या आसपास. सरळ आलेला किरण ४०.७५ आणि ५७.७५ने आपटतो, दोन्हीकडे पास. फरक कळतो खडा तिरका केल्यावर.

समजा प्रकाश ३० अंश तिरका आला. हिऱ्यात शिरताना तो इतका वाकतो की आत फक्त १२ अंश तिरका उरतो. जास्त अपवर्तनांकाचा हा दुसरा फायदा, बाहेरून कसाही आला तरी आत सगळे किरण उभ्या रेषेच्या जवळ गोळा होतात. तर ज्या पैलूवर तो कमी कोनात येतो तिथे ४०.७५ वजा १२, म्हणजे पावणेएकोणतीसच्या आसपास. अजून २४.४च्या पुढे आहे, गळत नाही. झिर्कोनियात तोच किरण आत सव्वातेरा-साडेतेरा अंश तिरका राहतो, पैलूवर सव्वासत्तावीस-साडेसत्तावीसने येतो, आणि तिथे अट साडेसत्तावीसची. म्हणजे उंबरठ्यावर. आणखी थोडा तिरका करा की त्या बाजूला खिडकी उघडते आणि आरपार दिसायला लागतं. हिऱ्यात हीच खिडकी उघडायला जवळपास ४३ अंश तिरकं व्हावं लागतं. हे फक्त एका पैलूच्या जोडीचं गणित आहे, खऱ्या खड्यात ५७ पैलू असतात, पण डोळ्याला दिसतं ते साधारण असंच.

मात्र निव्वळ यावरून नकली-असली ठरवू नका. वाईट कापलेला हिराही खिडकी दाखवतो.

गोट्या

हिरा अंधारात चमकतो हे खरं का? साप-नागमणी वगैरे ऐकलंय लहानपणी.

शेवंता

गोट्या, धागा वेगळा आहे रे. प्रकाशच नसेल तर परत काय पाठवणार तो? काही हिरे अतिनील दिव्याखाली निळसर दिसतात पण त्याचा या चमकेशी संबंध नाही.

भौतिकवाला

पैलूकार, तुमचं गणित तपासलं, बरोबर आहे. पण मग उथळ हिऱ्याचं काय? उथळ असला की किरण पैलूवर कमी कोनात येणार आणि गळणार, म्हणजे माझी आकृती बरोबरच आहे ना?

पैलूकार

सर, तुमच्याच आकृतीतला किरण घ्या, सरळ वरून आलेला. पॅव्हिलियन ३८ अंशांचं करा, हे चांगलंच उथळ झालं. पहिला कोन ३८, २४.४च्या पुढे. दुसरा कोन म्हणजे १८०मधून पॅव्हिलियनच्या उताराची तिप्पट वजा करायची, इथे ६६. तोही पुढे. कुठे गळला? सरळ किरण पहिल्याच पैलूतून गळायला हिरा २४ अंशांपेक्षा उथळ लागेल, असा कोणी कापतच नाही. त्या आकृतीत उथळ हिऱ्यातून सरळ खाली गेलेला बाण दाखवतात तो काचेचा आहे, हिऱ्याचा नाही.

उथळ हिऱ्यात खरं वाईट काय होतं, तर वर येणारा किरण उभ्या रेषेपासून २८ अंश कललेला असतो. टेबलावर २८ म्हणजे २४.४च्या बाहेर, टेबल त्याला परत आत ढकलतं. आणि वरून बघणाऱ्याला टेबलाच्या कडेने गर्डलचं, म्हणजे हिऱ्याच्या कंबरेचं, करड्या कड्यासारखं प्रतिबिंब दिसतं. आम्ही त्याला फिशआय म्हणतो, एकदा बघितलं की विसरत नाही.

भौतिकवाला

सरळ किरणापुरतं मान्य. पण प्रत्यक्षात प्रकाश सगळीकडून येतो. तुमच्याच पद्धतीने ३८ अंशांत तिरकेपणाची मर्यादा काढली तर ४३ऐवजी ३५च्या आसपास येते. म्हणजे उथळ हिरा लवकर गळतो, आकृतीचा निष्कर्ष बरोबरच आहे की. आकृतीत बाण सरळ काढलाय तेवढं सोडून द्या.

पैलूकार

लवकर गळतो हे खरं. पण बाण सरळ काढलाय तेवढं सोडून देता येत नाही सर, कारण मुलं तोच बाण लक्षात ठेवतात.

आणि तिरक्या किरणांचा विषय काढलाच आहे तर टोल्कोव्स्कीची खरी अडचण सांगतो. टेबलातून शक्य तितका तिरका आलेला किरणही पहिल्या पैलूवर गळू नये असं हवं असेल तर पॅव्हिलियन जवळपास ४९ अंशांच्या वर हवं. आणि तसाच किरण दुसऱ्या पैलूवर गळू नये असं हवं असेल तर ते पावणेचव्वेचाळीसच्या खाली हवं. दोन्ही एकदम होणं शक्य नाही. म्हणजे थेंबभरही प्रकाश न गळणारा हिरा या आकारात बनतच नाही, ४०.७५ ही तडजोड आहे. दुसरं परावर्तन सांभाळायचं ठरवलं आणि मग किरण वरून कुठल्या कोनात, किती रंग घेऊन बाहेर पडतात ते बघून तो आकडा ठरला.

मीनल_प

हे रंगांचं कोणीतरी सांगा ना. मला तर हिऱ्याची मजा पांढऱ्या चमकेपेक्षा त्या लाल-निळ्या ठिणग्यांतच वाटते.

निशाचर

मी सांगते, ऑप्टिक्समध्ये काम करते. पैलूकारांचाच किरण घ्या, क्राउनवर आतून साडेसतरा अंशांनी आलेला. हिऱ्याचा अपवर्तनांक लाल रंगाला २.४०७ आणि जांभळ्याला २.४५१ धरला तर लाल बाहेर पडतो स्तंभिकेपासून ४६.४ अंशांवर आणि जांभळा ४७.५वर. फरक जेमतेम एक अंशाचा. ऐकायला काहीच नाही. पण डोळ्यापासून ३० सेंटिमीटरवर अंगठी धरली की एक अंशाच्या फरकाने रंगांचा पट्टा साडेपाच-सहा मिलिमीटर रुंद झालेला असतो, आणि उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली असते दोन-तीन मिलिमीटरची. म्हणजे अख्खा पट्टा डोळ्यात मावतच नाही. त्यातला एकच तुकडा आत जातो, तोच लाल नाहीतर निळा दिसतो, आणि बोट किंचित हललं की दुसरा तुकडा येतो.

म्हणूनच ढगाळ दिवशी किंवा पसरट ट्यूबलाइटखाली हिरा पांढरा दिसतो, रंग नाहीत. प्रकाश सगळीकडून आला की शेजारशेजारचे पट्टे एकमेकांवर पडून परत पांढरे होतात. छोटा, लांबचा, प्रखर दिवा हवा. दागिन्यांच्या दुकानात बारके स्पॉटलाइट लावतात ते यासाठीच.

शर्वरी_

अच्छा म्हणून माझी तिथे चमकत होती!! पण काळ्या डागाचं राहिलंच पैलूकार.

पैलूकार

राहिलं नाही, आलोच. पॅव्हिलियन ४५ अंशांच्या जवळ गेलं की काय होतं बघा. वरून सरळ आलेला किरण दोनदा काटकोनात वळून आला तसाच सरळ परत जातो. ऐकायला छान वाटतं ना, सगळा प्रकाश परत! पण तुम्ही वरून बघताय, म्हणजे त्या वाटेवर दिवा नाही, तुमचं डोकं आहे. हिरा इमानदारीने तुमच्या डोक्याचा अंधार तुम्हाला परत दाखवतो. याला नेलहेड म्हणतात, खिळ्याच्या डोक्यासारखं काळं वर्तुळ. ४०.७५च्या हिऱ्यात टेबलातून सरळ खाली बघितलं तर नजरेची वाट परत बाहेर पडताना ४५ अंश बाजूला वळते, तिथे छत असतं, दिवे असतात, खिडकी असते, डोकं नसतं.

करून बघा, अंगठी स्थिर ठेवा आणि डोकं बाजूला न्या. डाग फिका झाला किंवा सरकला तर तो दोष नव्हे, खोल कट आहे. डाग जागचा हलला नाही तर आत काहीतरी असेल, भिंगाखाली बघावं लागेल. सर्टिफिकेट असेल तर त्यावर पॅव्हिलियनचा कोन बघा.

शर्वरी_

डोकं बाजूला केलं की फिका होतोय! सर्टिफिकेट शोधते.

आकाशकंदील

साफसफाईबद्दल एक भर. हिऱ्याला तेलकटपणा फार पटकन चिकटतो, खाणीत तर ग्रीस लावलेल्या पाट्यांवरून खडी वाहवून हिरे वेगळे काढायची पद्धत होती, हिरे चिकटून राहतात बाकी वाहून जातं. अंगठीच्या खालून साबण आणि क्रीम साचतं. तेलाचा अपवर्तनांक १.४७ धरला तर क्रांतिक कोन २४.४वरून साडेसदतीसवर जातो. मग किंचित तिरका किरणही गळणारच. म्हणून मळका हिरा निस्तेज दिसतो.

निशाचर

आकाशकंदील, निष्कर्ष बरोबर पण कारण अर्धंच. हिरा तेलात बुडवलात तर ३७.५ खरं. पण पैलूवर तेलाचा पातळ, सपाट, स्वच्छ थर असेल आणि त्याच्या पलीकडे हवा असेल तर किरण तेलात शिरतो, तेल आणि हवेच्या सीमेवर परावर्तित होतो आणि परत हिऱ्यात येतो. थर समांतर असेल तर मूळच्या २४.४मध्ये काहीही फरक पडत नाही. निस्तेज होतं ते थर सपाट नसल्याने आणि त्यात धूळ-कण असल्याने, प्रकाश तिथे विखुरतो आणि शोषला जातो.

आकाशकंदील

हम्म. मग नुसता तेलाचा हात लावलेला हिरा लगेच निस्तेज का दिसतो? बोटाच्या ठशाने इतकी धूळ येत नाही.

निशाचर

ठसा सपाट नसतो, त्याचे बारीक थेंब असतात, प्रत्येक थेंबाची पाठ वेगळ्या कोनात. माझ्या मते तेवढं पुरेसं आहे. पण वरच्या टेबलावरच्या ठशाचा वाटा किती आणि खालचा किती, हे मी मोजलेलं नाही.

भौतिकवाला

मला अजून वाटतं की अपवर्तनांकाचं महत्त्व तुम्ही लोक कमी करताय. नुसत्या वरच्या पृष्ठभागावरून हिरा १७ टक्के प्रकाश परावर्तित करतो, काच फक्त ४ टक्के. ती झळाळी पैलूंच्या कोनावर अवलंबून नाही.

पैलूकार

ती झळाळी आहेच, ती आम्हाला पाहिजेच. पण ऋतुगंध ताईंनी विचारलं होतं की पैलू न पाडलेल्या हिऱ्याचं काय, त्यात याचं उत्तर आहे. निसर्गातला चांगला स्फटिक अष्टफलक असतो, दोन पिरॅमिड तळाला तळ जोडल्यासारखा, त्याच्या बाजूंचा उतार ५४.७ अंश. जुन्या काळी युरोपात त्याचं वरचं टोक घासून सपाट करायचे, झाला टेबल कट. खालचा उतार निसर्गाचा तसाच राहायचा. आता त्यात वरून सरळ किरण पाठवा. पहिला कोन ५४.७, पास. दुसरा, १८० वजा तिप्पट, १५.८. नापास, खालून बाहेर. अपवर्तनांक २.४२च, १७ टक्के झळाळीही तीच, पण आतून येणारा प्रकाश नाही. त्या काळच्या युरोपातल्या व्यक्तिचित्रांत हिरे काळे रंगवलेले दिसतात, चित्रकारांनी जे दिसलं तेच काढलंय.

ऋतुगंध

१५.८!! म्हणजे निसर्गाने दिलेला कोन जेमतेम तीन अंशांनी हुकलाय, कारण मी काढलं तर सरळ किरणाला मर्यादा ५१.९ येते. बरोबर ना?

पैलूकार

अगदी बरोबर, ५१.९.

मीनल_प

मग हिऱ्याइतकाच अपवर्तनांक असलेलं दुसरं काही घेतलं आणि हाच आकार दिला तर ते हुबेहूब हिऱ्यासारखं दिसेल?

निशाचर

असा पदार्थ आहे, स्ट्रॉन्शियम टायटनेट. अपवर्तनांक २.४१, म्हणजे क्रांतिक कोनही जवळजवळ तोच, १९५०च्या दशकात नकली हिरे म्हणून विकायचे. पण रंग फाकण्याचं प्रमाण हिऱ्याच्या चौपटीहून जास्त, त्यामुळे खडा इंद्रधनुष्यासारखा भडक दिसतो आणि पांढरी चमक मागे पडते. शिवाय मऊ, पैलूंच्या कडा लवकर झिजून गोल होतात. कडा गोल झाल्या की एका पैलूची लखलख संपून दुसऱ्याची सुरू होते ती धारदार सीमाच जाते.

शेवंता

मी चौकोनी प्रिन्सेस कट घेतलाय, त्यालाही ४०.७५च चालतं का?

पैलूकार

नाही, त्याच्या खालच्या भागात एकामागे एक वेगवेगळ्या उताराचे पैलू असतात, कोपऱ्यातला उतार बाजूच्या उतारापेक्षा कमी भरतो, त्यामुळे एका आकड्यात ते बसत नाही. चौकोनी कटावर तर कारागिरांतच एकमत नाही. तुमचा खडा पांढऱ्या कागदावर धरून एका डोळ्याने बघा, सावकाश तिरका करत जा आणि कुठल्या कोपऱ्यातून कागद आधी दिसतो ते इथे लिहा, मग बोलू.